डोळ्यांत बदाम आणि गालांभोवती बदाम: 😍 आणि 🥰 यांत फ्लर्टिंग किती, मैत्री किती?

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे. ती आणि मी आधी एकाच टीममध्ये होतो. तिने नोकरी बदलली, त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून चॅटवर बोलणं वाढलंय. मी गिटार वाजवतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर स्टोरीला टाकला की तिचं 😍 येतंच. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर "किती गोड 🥰". परवा रात्री मी लिहिलं, "आज डोकं पार आउट झालंय", तर म्हणाली, "मग फोन कर ना 🥰". मित्र म्हणतो, हे सरळसरळ फ्लर्टिंग आहे. बहीण म्हणते, ती सगळ्यांनाच पाठवत असेल. मीपण तिला 😍 पाठवू का?

उत्तर:

तुमचा मित्र आणि बहीण भांडतायत ते बदामांवरून. माझं लक्ष मात्र तुमच्या शेवटच्या उदाहरणातल्या तीन शब्दांवर गेलं: "फोन कर ना". त्याच्याकडे येतेच. त्याआधी हे दोन चेहरे नीट बघू, कारण बहुतेक लोक दोघांना एकाच पारड्यात टाकतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

मी गेली अकरा वर्षं नातेसंबंधांवर समुपदेशन करते. पूर्वी लोक यायचे आणि सांगायचे, "तो असं म्हणाला, तर त्याचा अर्थ काय?" आता समोर बसतात, मोबाईल उघडतात आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवतात. त्यामुळे हे दोन चेहरे मी इतक्या वेगवेगळ्या चॅटमध्ये पाहिलेत की त्यांच्याबद्दल माझं एक मत तयार झालंय.

आधी 😍. या चेहऱ्याचे डोळे उघडे आहेत आणि डोळ्यांच्या जागी बदाम आहेत. कार्टूनमध्ये एखाद्या पात्राला काहीतरी भलतंच आवडलं की त्याचे डोळे बदाम होऊन बाहेर येतात, तीच ही खूण. म्हणजे हा चेहरा कशाकडे तरी बघतोय. त्याला समोर काहीतरी लागतं: फोटो, ड्रेस, मांजराचं पिल्लू, नवीन घर किंवा तुम्ही. शब्दांत सांगायचं तर "अरे, काय भारी आहे हे!" यातलं "हे" कोण, हाच या इमोजीचा सगळा प्रश्न.

आता 🥰. याचे डोळे मिटलेले आहेत, गाल लाल झालेत आणि तीन बदाम भोवती तरंगतायत. मिटलेले डोळे कशाकडे बघत नाहीत. हा चेहरा समोरच्या वस्तूबद्दल फारसं बोलत नाही, पाठवणाऱ्याला आत काय वाटतंय ते सांगतो. "बरं वाटलं", "माया वाटली", "किती छान केलंस". म्हणून आभार मानताना, शुभेच्छांना उत्तर देताना, कुणी काळजी घेतली तर, बाळाचा फोटो आला तर तो सहज येतो. पहिलं कौतुक, दुसरा जिव्हाळा, असा माझा साधा हिशोब आहे. कौतुकात ओढ असू शकते आणि जिव्हाळ्यातही असू शकते, पण दोन्हीकडे ती शोधायची जागा वेगळी.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याचा रोजच्या वापराशी संबंध आहे. 😍 हा चेहरा युनिकोडमध्ये २०१० मध्ये आला, 🥰 आला २०१८ मध्ये. मधली आठ वर्षं हसरा चेहरा आणि प्रेम एकत्र दाखवायचं तर हाताशी 😍 असायचा, नाहीतर पापी देणारा 😘. त्या काळात ज्यांना इमोजीची सवय लागली, त्यातले बरेच जण आजही मायेच्या जागी 😍 टाकतात. मावशी भाच्याच्या निकालावर 😍 टाकते ती याच सवयीने. तेव्हा पाठवणारी व्यक्ती कोणत्या वयाची आहे, तिला इमोजीची सवय कधी लागली, याचाही फरक पडतो. तुम्ही तिचं वय लिहिलेलं नाही. ती तुमच्याच वयाची असेल तर दोन्ही चेहरे तिच्या कीबोर्डवर बरीच वर्षं आहेत आणि त्यांतून ती निवड करत असणार, एवढं धरून चालते.

आता तुमच्या तीन उदाहरणांकडे येते, कारण तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

गिटारच्या स्टोरीवरचं 😍. इन्स्टाग्रामवर कुणाच्या स्टोरीला उत्तर द्यायला गेलं की खाली तयार इमोजींची एक पट्टी येते. त्यात 😂 असतो, 🔥 असतो आणि 😍 सुद्धा असतो. एकदा बोट लावलं की गेला. शब्द सुचावा लागत नाही, कीबोर्डवर शोधावंही लागत नाही. ज्या गोष्टीला एवढे कमी कष्ट पडतात, तिच्यावर मी फार अर्थ लादत नाही. त्याउलट व्हॉट्सॲपवर मेसेजवर बोट दाबून धरलं की जी पट्टी येते, ती सुरुवातीला 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏 अशी होती. 😍 त्यात नव्हता, पुढे इतर इमोजी लावायची सोय आली तेव्हाही तो मुद्दाम शोधून लावावा लागायचा. म्हणजे तोच चेहरा एका ठिकाणी सहज हाताला लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी निवडावा लागतो. इमोजीचा अर्थ लावताना तो कुठून आला हे बघा, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकाला ते फार रुक्ष वाटतं.

तरी "येतंच" हा शब्द तुम्ही वापरलाय, म्हणून पुढचं बघू. 😍 ला समोर काहीतरी लागतं असं म्हटलं. तुमच्या व्हिडिओत दोन गोष्टी आहेत: गिटार आणि तुम्ही. कशाकडे बघून बदाम आले? यासाठी तिची परीक्षा घेऊ नका, मुद्दाम सापळे लावून स्टोऱ्या टाकू नका. उत्तर तुमच्या जुन्या चॅटमध्ये पडलेलं असणार. मागे जा आणि बघा, ज्या स्टोरीत तुम्ही अजिबात नव्हता, म्हणजे ढग, जेवणाचं ताट, कुणाचं कुत्रं, त्यावर तिचं 😍 आलं होतं का? आलं असेल तर ती तिची दाद द्यायची पद्धत आहे. ढगांवर काहीच नाही, ताटावर काहीच नाही आणि तुमचा चेहरा दिसला की मात्र हटकून 😍, असं असेल तर मीही तुमच्या मित्राकडे थोडी झुकेन. फक्त थोडी. गिटार ज्यात आहे त्यावरच येत असेल, तर तिला कदाचित गिटार आवडत असेल. असेही लोक असतात.

वाढदिवसाचा "किती गोड 🥰" मी बाजूलाच ठेवते. शुभेच्छांना उत्तर म्हणून हा चेहरा इतका नेहमीचा झालाय की त्यातून काही कळत नाही. त्या दिवशी तिने तो वीस जणांना पाठवला असेल.

आता "मग फोन कर ना 🥰". यातून 🥰 काढून टाका आणि पुन्हा वाचा: "मग फोन कर ना." अर्थ जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे वजन शब्दांत आहे, इमोजीने फक्त स्वर मऊ केलाय. मी हे नेहमी करून बघायला सांगते. इमोजी काढल्यावर मेसेज उभा राहतो की कोसळतो? इथे तो उभा राहतो आणि तो एक प्रस्ताव आहे. रात्री कुणी थकलाय म्हटल्यावर ती आपला वेळ देऊ करतेय. ही तिची आपुलकी आहे याबद्दल मला शंका नाही. ही आपुलकी मैत्रीची की त्यापुढची, ते मात्र या एका वाक्यावरून सांगता येणार नाही, कारण चांगली मैत्रीणही हेच म्हणेल. तुम्ही फोन केलात का, हे लिहायचं विसरलात. मला त्याचीच जास्त उत्सुकता होती.

इथे 🥰 चं एक काम सांगायला हवं, कारण माझ्याकडे येणारे सगळ्यात जास्त तिथेच फसतात. हा चेहरा वाक्याची धार काढायला वापरतात. "आज नाही जमणार गं 🥰". "पुढच्या वेळी नक्की 🥰". नकार देताना समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून शेवटी बदाम. पाठवणारीच्या मनात असतं "रागावू नकोस", वाचणाऱ्याला दिसतात बदाम.

एक तरुण माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तो म्हणाला, "मॅडम, महिन्याभरात तिने मला तेवीस वेळा 🥰 पाठवलाय." त्याने खरोखर मोजले होते. मी म्हटलं, मोजलेच आहेत तर प्रत्येकाच्या आधी काय होतं तेही लिहू. कागदावर तेवीस ओळी आखल्या. त्यात नऊ आभार आणि शुभेच्छांना दिलेल्या उत्तरांवर होते. आठ त्याच्या कुत्र्याच्या फोटोंवर. चार भेटायला नाही म्हणताना. उरलेले दोन असेच, "गुड नाइट"वर. मग मी त्याला दुसरा प्रश्न विचारला: या महिन्यात तिने आपणहून संभाषण किती वेळा सुरू केलं? तो स्क्रोल करत राहिला, मी चहा संपवला. दोनदा, आणि दोन्ही वेळा तिला कामाची काहीतरी माहिती हवी होती. त्या तेवीसमधला एकही खोटा नव्हता. तिला तो आवडत होता, त्याचं कुत्रं तर फारच आवडत होतं. पण ज्याची तो वाट बघत होता, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं.

याच्या उलटही पाहिलंय. एका मुलीच्या चॅटमध्ये समोरच्याचा एकही बदाम नव्हता, कोरडा ठणठणीत. पण तिने मंगळवारी सहज सांगितलेल्या मुलाखतीबद्दल त्याने शुक्रवारी आठवणीने विचारलं होतं, भेटायची वेळ तो स्वतः सुचवायचा आणि तिला जमलं नाही तर लगेच दुसरा दिवस पुढे करायचा. बदाम नाहीत म्हणून ती बिचारी "त्याला काही वाटत नाही" असं धरून बसली होती.

तेव्हा तुमच्यासाठीही तोच कागद. फार मागे जायची गरज नाही, गेले दोन आठवडे पुरे. तिचा प्रत्येक 😍 आणि 🥰 कशाला उत्तर म्हणून आला ते एका ओळीत लिहा. मग बाजूला तीन गोष्टी: तिने आपणहून बोलणं कधी सुरू केलं, तुम्ही आधी सांगितलेलं काही तिने पुन्हा काढलं का आणि भेटायचं किंवा बोलायचं तिने सुचवलं का. "फोन कर ना" ही त्या तिसऱ्या गोष्टीतली पहिली नोंद. अशी दुसरी आणि तिसरी नोंद सापडली, तर इमोजी मोजायची गरजच उरणार नाही.

बहिणीच्या म्हणण्याचाही विचार करा, कारण ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलली आहे. ती सगळ्यांनाच पाठवते का? तुम्ही दोघं जुन्या टीमच्या एखाद्या ग्रुपवर असालच. तिथे ती इतरांना काय पाठवते ते डोळ्यांसमोरच असतं. कुणाच्या बाळावर 🥰, कुणाच्या नव्या गाडीवर 😍, प्रत्येक "थँक्यू"ला बदाम, अशी तिची रीत असेल तर तुमच्या चॅटमधले बदाम त्याच रीतीतले आहेत. ग्रुपवर ती मोजकं बोलते आणि तुमच्याशीच बदाम उधळते, तर फरक आहे. पाहायचा तो फरक. एकटा इमोजी घेऊन त्याचा अर्थ शोधणं म्हणजे कुणाचं एकदाच ऐकलेलं हसू घेऊन ती नेहमी कशी हसते ते ठरवणं.

त्यात हे चेहरे वाचण्यात माणसामाणसांत फरक पडतोच. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना इमोजी दाखवून त्यांचा भाव विचारला. अगदी तेच चित्र समोर असूनही ते चांगल्या भावनेचं, वाईट भावनेचं की मधलं, यावर साधारण चारातल्या एका वेळी एकमत होत नव्हतं. आपल्या या दोन चेहऱ्यांच्या बाबतीत चांगलं की वाईट हा वाद होणार नाही. वाद होतो तो किती चांगलं, यावर. मित्र आणि बहीण एकच स्क्रीनशॉट बघून दोन टोकांना गेले, त्यात दोघांचाही दोष नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपण 😍 पाठवावा का. माझं उत्तर: तिच्या फोटोवर नको, अजून तरी नको. तिचा स्वतःचा फोटो असेल तर 😍 मधलं "हे" म्हणजे ती, तिचं दिसणं. ते तिला आवडेलही. पण तुमचं नातं एका टीममधून आलेलं आहे, अजून कुणी काही बोललेलं नाही आणि तुम्हालाच त्या चेहऱ्याचा अर्थ ठाऊक नाही. मग तिने तो कसा वाचावा? तिने काढलेलं चित्र असेल, तिने केलेला केक असेल, तर खुशाल पाठवा, तिथे "हे" काय ते उघड आहे. तिच्या फोटोवर काही म्हणावंसं वाटलंच तर शब्दांत आणि नेमकं म्हणा: "हा रंग तुला छान दिसतो", "ही जागा कुठली?" प्रश्न विचारला तर संभाषण पुढे जातं, बदामावर बहुतेक वेळा बदामच परत येतो आणि गाडी तिथेच थांबते.

पाठवताना जागा सांभाळा, हे स्वतःच्या फजितीवरून सांगते. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी नवजात बाळाचा फोटो टाकला. मी चष्मा शोधला, मग 😍 शोधला, पाठवला. तेवढ्या वेळात एका दूरच्या काकांनी जिममधला स्वतःचा फोटो टाकला होता आणि माझे बदाम बरोबर त्यांच्या दंडाखाली जाऊन बसले. काकांनी लगेच 🙏 पाठवला. तेव्हापासून मी त्या मेसेजला रिप्लाय करूनच इमोजी टाकते. तिचेही काही 😍 तुमच्या नेमक्या कोणत्या मेसेजसाठी होते, हे बघताना ही शक्यता लक्षात असू द्या, विशेषतः तुम्ही एकापाठोपाठ चार मेसेज टाकत असाल तर.

मग पुढे काय? तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर तिला इमोजीचा अर्थ विचारू नका. "तू मला 🥰 का पाठवतेस?" या प्रश्नाला कुणीही "अरे सहज!" असंच उत्तर देईल आणि पुढचा महिनाभर बदाम जपून वापरेल. त्याऐवजी शब्दांत, छोटं आणि नाही म्हणायला सोपं जाईल असं काहीतरी सुचवा. "शनिवारी संध्याकाळी कॉफीला भेटूया का? आपण दोघंच." "आपण दोघंच" हे वगळू नका. वगळलंत तर ती जुन्या टीमच्या दोघा-तिघांना घेऊन येईल आणि तुम्ही पुन्हा इथे प्रश्न विचाराल.

उत्तर आलं की आता तरी इमोजी बाजूला ठेवून वाचा. "हो, पाचला जमेल" हे बदाम नसलं तरी हो आहे. "शनिवारी नाही जमणार, रविवारी चालेल का?" हेही हो आहे, कदाचित आधीच्यापेक्षा पक्कं, कारण दुसरा दिवस तिने शोधला. "बघू रे, सध्या खूप गडबड आहे 🥰", आणि पुढे दिवस नाही, वेळ नाही, तर तो नकार आहे आणि बदाम फक्त त्याची धार काढायला आलेत. अशा वेळी "बरं, गडबड संपली की सांग" एवढंच लिहा आणि पुढचं बोलावणं तिच्याकडून येऊ द्या. ती कॉफीला आली तरी तिथे प्रेमच निघेल असं नाही, ती मैत्रीण म्हणूनही येऊ शकते. पण समोरासमोर तासभर बसल्यावर ते तुम्हाला स्क्रीनपेक्षा बरंच लवकर कळेल, आणि नाहीच कळलं तर तिथे सरळ विचारताही येईल.

आणि हो, परवाचा तो फोन केला नसेल तर आज करा. "परवा तू म्हणालीस, पण तेव्हा राहून गेलं" एवढी प्रस्तावना पुरे.